यादीत तीन नंबर, रेंजवर दोनच : उद्यमबागेतलं एक ई-सिम प्रकरण

बेळगावच्या उद्यमबागेत एका अण्णांचं मशिन शॉप आहे. कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांमधून कास्टिंग येतं, त्यावर लेथ आणि सीएनसीचं काम करून माल परत जातो. बरीचशी गिऱ्हाइकं शिरोली आणि गोकुळ शिरगावची. तरुणपणी काही वर्षं ते कोल्हापुरात कामाला होते. तेव्हा घेतलेला महाराष्ट्र सर्कलचा नंबरच आजही तिकडच्या लोकांकडे आहे आणि तिकडच्या एका सहकारी बँकेतलं चालू खातंही त्याच नंबराला जोडलेलं आहे. दुसरा नंबर कर्नाटक सर्कलचा. आधार, जीएसटी, घर, सोसायटी, सगळं त्यावर. तिसरा नंबर त्यांनी मागाहून घेतला. जांबोटीच्या पुढे त्यांची काजूची बाग आहे आणि तिथे पहिल्या दोन्ही कंपन्यांची रेंज मिळत नाही, तिसऱ्या कंपनीची मिळते. बागेतून शॉपमधला कॅमेरा बघता यावा एवढ्यासाठी तो नंबर.

पूर्वी अण्णा दोन फोन बाळगायचे. मुलानं सगळं एका आयफोन ११ मध्ये आणलं. कर्नाटकचा नंबर प्लॅस्टिकच्या सिमवर राहिला, कोल्हापूरचा ई-सिम झाला आणि बागेचा नंबर सुरुवातीपासूनच ई-सिम म्हणून घेतला. खिसा हलका झाल्यामुळे अण्णा खूश होते.

मग एका आठवड्यात शिरोलीच्या दोन गिऱ्हाइकांनी तक्रार केली की फोन बंद लागतो. एकानं तर माल दुसरीकडे टाकला. त्याच सुमारास बँकेचा ओटीपी येईना. अण्णांना वाटलं बँकेचा सर्व्हर बिघडलाय, मग वाटलं कंपनीची रेंज गेली. मोबाइल दुकानातला म्हणून मला त्यांनी फोन दाखवला तेव्हा त्यांचा मुद्दा ठाम होता : “नंबर बंद कसा असंल? यादीत तीन दिसालेत की! आणि कोल्हापूरच्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप येतंय की.”

या दोन पुराव्यांमुळेच हे प्रकरण इतके दिवस लांबलं. त्यामुळे आधी त्यांचाच निकाल लावू.

व्हॉट्सअ‍ॅपला नंबर लागतो तो नोंदणीच्या वेळी. नोंदणी झाली की तो इंटरनेटवर चालतो, मग ते इंटरनेट कोणत्याही सिमचं असो की शॉपमधल्या वायफायचं. अण्णांचं कोल्हापूरचं व्हॉट्सअ‍ॅप आठवडाभर बागेच्या सिमच्या डेटावर आणि वायफायवर चाललेलं होतं. मेसेज येत होते, व्हॉट्सअ‍ॅप कॉलही लागत होते, आणि तो नंबर स्वतः मात्र एकाही टॉवरवर नव्हता. नंबर जिवंत आहे का हे व्हॉट्सअ‍ॅपवरून ठरवू नये. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून साधा कॉल लावून बघावा. मी माझ्या फोनवरून लावला. “आपण डायल केलेला नंबर सध्या बंद आहे,” एवढंच ऐकू आलं, आणि अण्णांचा फोन समोर टेबलावर चालू होता.

दुसरा पुरावा यादीचा. सेटिंग्जमधल्या सिमच्या यादीत तीन ओळी होत्या हे खरंच. पण कोल्हापूरच्या ओळीपुढे बारीक करड्या अक्षरांत `Off` लिहिलेलं होतं. फोनच्या वरच्या पट्टीतही सिग्नलच्या खुणा दोनच सिमच्या होत्या. एक प्लॅस्टिकच्या सिमची, दुसरी बागेच्या नंबराची.

झालं होतं ते साधंच. आधीच्या रविवारी अण्णा बागेत गेले, नेट मिळेना म्हणून त्यांनी यादीतला बागेचा नंबर चालू केला. त्याबरोबर कोल्हापूरचा नंबर बंद होणार होता. त्याची सूचना आली असेल तर ती न वाचताच दाबली गेली असणार. परत आल्यावर बागेचा नंबर बंद करून कोल्हापूरचा चालू करायचा हे त्यांच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं, कारण त्यांच्या समजुतीनं तिन्ही चालूच होते.

साठवलेलं आणि चालू यात नेमका फरक काय

ई-सिम म्हणजे फोनच्या बोर्डावर बसवलेली एक चिप. नंबर त्या चिपमध्ये प्रोफाइल म्हणून उतरतो. एका प्रोफाइलमध्ये त्या सिमचा अनुक्रमांक, नेटवर्कसाठीची ग्राहकाची ओळख आणि एक गुप्त किल्ली असते. प्लॅस्टिकच्या कार्डावर जे असतं तेच हे, फक्त कार्डाशिवाय. चिपमध्ये अशी प्रोफाइल जागा असेल तितकी ठेवता येतात. आयफोनच्या बाबतीत अ‍ॅपल आठ किंवा त्याहून अधिक म्हणतं. अँड्रॉइड फोनांत हा आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो.

मात्र साठवलेलं प्रत्येक प्रोफाइल चालू किंवा बंद यांपैकी एकाच अवस्थेत असतं. बंद प्रोफाइल फोनच्या रेडिओला दिसतसुद्धा नाही. रेडिओला ज्या प्रोफाइलची माहितीच नाही त्याच्या नावानं तो टॉवरकडे हजेरी लावणार कशी? म्हणून नेटवर्कच्या दृष्टीनं तो नंबर म्हणजे खिशात बंद पडलेला फोन. गोठ्यात बैल तीन असले तरी जुवाला दोनच जुंपले जातात, तसं आहे हे. तिसरा आपलाच असतो, पण ओढत नाही.

चालू किती असू शकतात ते दोन गोष्टींवर ठरतं. पहिली, फोनात एकाच वेळी दोन सिम सांभाळण्याची सोय असते. `*#06#` डायल केलं की दोन आयएमईआय क्रमांक दिसतात, त्या या दोन जागा. त्याच पडद्यावर ईआयडी नावाचा ३२ अंकी क्रमांकही दिसतो, तो ई-सिमच्या चिपचा. दुसरी गोष्ट म्हणजे ती चिप स्वतः. जुन्या पद्धतीच्या चिपमध्ये एका वेळी एकच प्रोफाइल चालू राहू शकतं. दुसरं चालू करायचं म्हणजे आधीचं बंद व्हायलाच हवं. आयफोन एक्सएसपासून १२ पर्यंतचे फोन या प्रकारचे : एक प्लॅस्टिकचं, एक ई-सिम. आयफोन १३ पासून आणि पिक्सेल ७ पासून दोन ई-सिम एकदम चालू ठेवता येतात. पण तिथेही एकूण आकडा दोनच.

म्हणजे अण्णांच्या फोनात कोल्हापूर आणि बाग हे दोन नंबर कधीही एकत्र चालू राहू शकत नव्हते. प्लॅस्टिकचं सिम बंद केलं असतं तरी नाही, कारण भांडण जागेचं नव्हतं, दोघंही एकाच चिपमध्ये होते. पुष्कळ लोक इथे एक सिम काढून बघतात आणि चक्रावतात.

इथे एक फरक ओळखता आला पाहिजे. दोन्ही सिम चालू असतानाही, एकावर बोलणं सुरू असेल तर दुसऱ्यावर येणारा कॉल बहुतेक वेळा लागत नाही, कारण दोन सिमना रेडिओ सामाईक असतो. तो अडथळा बोलणं संपेपर्यंतचा. दिवसभर, कोणत्याही वेळी, सगळ्यांनाच बंद लागत असेल तर तो हा प्रकार नव्हे. तेव्हा यादीतली अवस्था बघायची.

चालू करून बघितलं तेव्हा

कोल्हापूरच्या ओळीत जाऊन `Turn On This Line` चालू केलं. बागेचा नंबर बंद झाला आणि थोड्या वेळात कोल्हापूरचा नंबर टॉवरवर आला. याला इंटरनेट लागत नाही, हे अण्णांना पटेना. साठवलेलं प्रोफाइल चालू-बंद करणं हा फोन आणि त्याच्या चिपमधला मामला आहे. इंटरनेट लागतं ते पहिल्यांदा प्रोफाइल उतरवून घेताना. त्यामुळे घाटात, रेंज नसलेल्या ठिकाणीसुद्धा एका ई-सिमवरून दुसऱ्यावर जाता येतं.

नंबर टॉवरवर येताच साठलेले एसएमएस धडाधड पडायला लागले. त्यात बँकेचे ओटीपीही होते, तीन-चार दिवसांपूर्वीचे. फोन बंद असताना आलेला एसएमएस कंपनीच्या केंद्रात ठरावीक मुदतीपर्यंत थांबतो आणि नंबर दिसला की पोचतो. ओटीपीची मुदत मात्र काही मिनिटांची. म्हणजे बँकेनं पाठवला होता, कंपनीनं पोचवला, आणि तरीही तो निरुपयोगी ठरला. दोष कुणाचाच नव्हता.

आता कायमची व्यवस्था काय करायची? अण्णांना तिन्ही हवे होते. मी त्यांना विचारलं, कोणत्या नंबरावर कॉल आणि ओटीपी यायलाच हवेत? दोन : बेळगावचा आणि कोल्हापूरचा. बागेच्या नंबरावर कुणी फोन करत नाही, तो फक्त नेटसाठी. तेव्हा साठवून ठेवायचा नंबर तोच, आणि बागेत पोचल्यावर काही तासांसाठीच चालू करायचा. माझं तर असं मत आहे की ज्या नंबरावर बँक आहे तो नंबर अदलाबदलीच्या खेळात घालूच नये. पण अण्णांच्या बाबतीत बागेच्या नंबराशी अदलाबदल कोल्हापूरचीच होणार होती. उलटं करून कोल्हापूरचं प्लॅस्टिकचं सिम घेतलं आणि बेळगावचा ई-सिम केला, तर आधार आणि जीएसटीचे ओटीपी अडकले असते. ते मात्र रविवारी सहसा लागत नाहीत. हा पर्याय वाईट नव्हता, पण त्यासाठी दोन्ही सिम बदलून घ्यायची. सिम बदललं की आपल्याकडे २४ तास त्या नंबरावर एसएमएस येत-जात नाहीत, फसवणूक टाळण्यासाठी दूरसंचार विभागानं घातलेली ती अट आहे. अण्णा म्हणाले, “राहू दे, आहे तसंच चालवू.”

कॉलचं काय, यावर एक उपाय निघतो : बागेकडे निघताना कोल्हापूरच्या नंबरावरचे कॉल बेळगावच्या नंबरावर वळवायचे. ही वळवणी फोनात राहत नाही, कंपनीच्या यंत्रणेत नोंदली जाते, म्हणून प्रोफाइल बंद असलं तरी ती काम करते. फक्त ती नंबर चालू असतानाच लावून ठेवावी लागते. वळवलेल्या कॉलचा खर्च वळवणाऱ्या नंबरावर पडतो, म्हणून त्यावर आउटगोइंगचा प्लॅन हवा. आणि एसएमएस वळत नाहीत. ओटीपीची अडचण यानं सुटत नाही. शिवाय ही सोय आपल्या नंबरावर कशी लावायची ते कंपनीच्या ग्राहकसेवेतूनच विचारून घ्यावं, कुणी अनोळखी माणूस फोनवर आकडे सांगून डायल करायला लावत असेल तर करू नये. कॉल वळवून ओटीपी लाटण्याची ती ओळखीची युक्ती आहे.

एक बारीकसं काम त्याच बैठकीत केलं. यादीतली नावं `Business`, `Personal`, `Secondary` अशी होती. कोणतं कोणतं ते अण्णांना पाठ नव्हतं. ती बदलून कोल्हापूर, बेळगाव आणि बाग अशी ठेवली. ही नावं फक्त फोनापुरती असतात, कंपनीशी त्यांचा संबंध नाही. पण पुढच्या वेळी अण्णांनी चुकीची ओळ बंद केली नाही, ती या नावांमुळेच.

दुसरा अंक : साठवलेला, पण मेलेला

पावसाळ्यात काजूकडे जाणं होत नाही. बागेचा नंबर महिनोन्‌महिने यादीत बंद पडून राहिला, रिचार्जची मुदत संपून गेली. पाऊस ओसरल्यावर अण्णा गेले, ओळ चालू केली, तर `No Service`. रेंज गेली असेल म्हणून ते तसेच परतले आणि मला फोन केला.

रेंज गेली की नंबरच गेला, हे जागेवर ओळखता येत नाही. शहरात, जिथे त्या कंपनीचे इतर लोक बोलत आहेत अशा ठिकाणी तीच ओळ चालू करून बघायची. दुकानात, टॉवरच्या बगलेत, तरीही `No Service`. शेजारच्या दुकानदाराकडे त्याच कंपनीचं सिम होतं, त्याला पूर्ण रेंज. दुसऱ्या फोनवरून अण्णांचा नंबर लावला तर नंबर अस्तित्वात नसल्याची सूचना. म्हणजे कंपनीनं तो काढून टाकला होता.

ट्रायच्या २०१३ पासूनच्या नियमानुसार, सलग ९० दिवस काहीच वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद करता येतो. वापर म्हणजे कॉल, एसएमएस किंवा डेटा. खात्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर त्यातून रक्कम कापून नंबर राखण्याची सोय नियमातच आहे, पण अण्णांच्या खात्यात काहीच नव्हतं. प्लॅस्टिकचं सिम निदान फोनात असतं, कुणाचा चुकून कॉल आला तरी वापराची नोंद होते. बंद प्रोफाइलवर कॉल लागूच शकत नाही. साठवलेला नंबर त्यामुळे आपोआपच ‘वापर नसलेला’ ठरत जातो, आणि फोन याची कसलीही सूचना देत नाही. यादीत तो तसाच नावासकट उभा असतो. कंपनीनं तिच्या बाजूची नोंद पुसली तरी आपल्या फोनातलं प्रोफाइल तिला परस्पर पुसता येत नाही, ते काढायचं असतं आपणच.

अण्णांच्या मुलानं वेगळाच मार्ग सुचवला : ओळ पुसून टाकू आणि ईमेलमधला जुना क्यूआर पुन्हा स्कॅन करू. तो स्कॅन केला असता तर काहीच झालं नसतं. क्यूआरमध्ये सिम नसतं. त्यात फक्त एक पत्ता आणि एक खूण असते. उदाहरणादाखल एक काल्पनिक ओळ :

```
LPA:1$smdp.example.com$ABCD-1234
```

मधला भाग कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता, शेवटचा भाग त्या एका प्रोफाइलची खूण. फोन त्या पत्त्यावर जाऊन खूण दाखवतो आणि प्रोफाइल उतरवून घेतो. साधारणपणे एकदा उतरलं की ती खूण वापरली गेली. दुसऱ्या फोनातही नाही आणि त्याच फोनात पुसून पुन्हाही नाही.

बागेच्या मेलेल्या ओळीसाठी `Delete eSIM` दाबायला काही हरकत नव्हती, दाबलंच. धोका होता तो मुलाच्या पुढच्या वाक्यात : “मग कोल्हापूरचंही काढून परत टाकू, फ्रेश होईल.” मी त्याचा हात धरला. बंद करणं आणि पुसणं ही बटणं एकाच पानावर असतात, पण पहिलं केव्हाही उलटवता येतं, दुसरं नाही. प्रोफाइल पुसल्यानं नंबर रद्द होत नाही, बिल आणि मुदत चालूच राहते. फक्त तो आपल्या हातून जातो. परत मिळवायला कंपनीकडून नवं प्रोफाइल लागतं. ई-सिमची मागणी घरबसल्या करायची तर बहुतेक कंपन्या त्याच नंबरावरून एसएमएस मागतात, आणि पुसलेल्या नंबरावरून एसएमएस जाणार कुठून? मग ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जायचं, आणि वरून ते २४ तास एसएमएसविना काढायचे. फोन रीसेट करतानाही ई-सिम ठेवायचे की पुसायचे असं विचारलं जातं. तिथे ‘ठेवा’ निवडायचं.

नवा फोन घेतला तर हे सगळं सुटेल का, असं अण्णांनी विचारलं. थोडं सुटेल. दोन ई-सिम एकदम चालवणाऱ्या फोनात तिन्हींपैकी कोणतेही दोन निवडता येतील. रविवारी बेळगावचा बंद ठेवून कोल्हापूर आणि बाग चालू ठेवता येईल, आणि बँकेचा नंबर कधीच हलणार नाही. पण तिन्ही एकदम नाहीत. त्या एका सोयीसाठी एवढे पैसे घालायला अण्णा तयार झाले नाहीत. बागेसाठी त्यांनी त्याच कंपनीचं नवं प्लॅस्टिकचं सिम घेतलं आणि घरातल्या जुन्या फोनात घातलं. तो फोन गाडीच्या कप्प्यात असतो, बागेत पोचल्यावर हॉटस्पॉट लावतात. आयफोनच्या यादीत आता एक सिम आणि एक ई-सिम, दोन्ही चालू. जुन्या फोनातल्या नंबराचा रिचार्ज संपायच्या आत व्हावा म्हणून शॉपमधल्या कॅलेंडरवर तारखेला लाल गोल केलेला आहे. तो करण्याची जबाबदारी अण्णांनी वहिनींवर टाकली आहे.